लेबलवरचा ‘सी’ आणि त्याखालची चार चित्रं

प्रश्न : सातपूरच्या आमच्या ऑफिसात आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलाय, त्याच्या लेबलचा फोटो जोडला आहे. ‘एबीसी’ ही अक्षरं कशाची? एकजण म्हणतो सी म्हणजे करंटची आग. खालच्या चार इंग्रजी सूचना मराठीत नोटीस बोर्डवर लावायच्या आहेत, कशा लिहाव्यात?

उत्तर : सी म्हणजे करंट नव्हे. आपल्याकडे सी म्हणजे गॅसची आग. तुमच्या सहकाऱ्याने हा अर्थ बहुधा एखाद्या अमेरिकी व्हिडिओतून घेतला असावा, कारण अमेरिकेत सी हे अक्षर खरोखरच चालू विजेच्या उपकरणांसाठी वापरतात आणि पेटलेला गॅस तिथे द्रवांबरोबर बी मध्येच धरतात. भारतातली वर्गवारी युरोपसारखी आहे. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड, प्लास्टिक अशा घन वस्तूंची आग. बी म्हणजे पेट्रोल, थिनर, रंग अशा पेटणाऱ्या द्रवांची. सी म्हणजे एलपीजीसारख्या वायूंची. डी धातूंचा वर्ग आहे, तो मॅग्नेशियमचा भुसा निघणाऱ्या वर्कशॉपवाल्यांनी लक्षात ठेवावा. त्याला वेगळी पावडर लागते.

मग विजेला अक्षर का नाही? कारण वीज हे जळण नाही. वायरवरचं प्लास्टिक जळतं, टेबलाचा प्लाय जळतो, शेजारचे कागद जळतात. मेन स्विच बंद केला की जी उरते ती ए वर्गाचीच आग असते. काही पोस्टरांवर विजेसाठी ‘ई’ छापलेलं दिसतं, पण तुमच्या लेबलवर ते नाही म्हणून हा सिलिंडर विजेच्या आगीला चालत नाही असं समजू नका. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अंतर दिलेली ओळ शोधा. बऱ्याच लेबलांवर ‘१००० व्होल्टपर्यंत, १ मीटर अंतरावरून’ अशा अर्थाची ती ओळ असते. चालू उपकरणावर मारायची परवानगी ती ओळ देते, सी हे अक्षर देत नाही.

तुमच्या फोटोत ‘एमएपी’ असं छापलेलं आहे. ते मोनोअमोनियम फॉस्फेट, म्हणजे आतली पावडर. ही पावडर तापल्यावर वितळते आणि जळणाऱ्या लाकडा-कागदावर तिचा थर बसतो, त्यामुळे निखारा पुन्हा पेटत नाही. सिलिंडरला ए अक्षर मिळतं ते त्यामुळे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर सहसा ए नसतो, कारण वायू उडून गेला की आत धुमसणारा कागद परत पेट घेतो. अक्षर नसणं हीसुद्धा माहितीच आहे. एक मात्र सांगतो : ही पावडर ओलावा लागला की धातू गंजवते. म्हणून सर्व्हरच्या खोलीबाहेर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवलेला दिसतो; तो मागे काही ठेवत नाही. पण बंद, लहान खोलीत तो मारून आत थांबू नये, श्वास कोंडतो.

सी अक्षराबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या मते नोटीस बोर्डवर असायलाच हवी. सिलिंडर गॅसची ज्वाळा विझवू शकतो, गळती थांबवू शकत नाही. पँट्रीतल्या नळीतून गॅस येतच राहिला आणि तुम्ही ज्वाळा मारली, तर न जळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. म्हणून शक्य असेल तर आधी रेग्युलेटर बंद करायचा. तो बंद करता येत नसेल, तर ज्वाळेला हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडायचं. कढईतल्या पेटलेल्या तेलालाही हा सिलिंडर नको. गरम तेलाचा वर्ग वेगळा, एफ. तिथे गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवायचं.

आता चार सूचना. ‘पुल’ साठी ‘सील तोडून पिन ओढून काढा’ असं लिहा. सोबत कंसात ‘पिन ओढताना हँडल दाबू नका’ हेही लिहा. घाईत माणूस हँडल घट्ट आवळतो, पिन त्यात अडकते आणि सिलिंडरच बिघडलाय असं वाटतं. ‘एम’ साठी ‘नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा’. काही नोटिसांवर ‘आगीच्या पायावर लक्ष्य साधा’ असं छापलेलं पाहिलंय. ते वाचून कुणालाच काही कळत नाही. बुडाशी म्हणजे जिथे वस्तू जळतेय तिथे. वरच्या ज्वाळांवर मारलेली पावडर हवेत विरते, खालचं जळण तसंच राहतं. ‘स्क्वीझ’ साठी ‘हँडल दाबून धरा’, आणि ‘स्वीप’ साठी ‘नळी डावीकडून उजवीकडे हलवत राहा’. ‘झाडून काढा’ लिहू नका. नवखा माणूस झाडू शोधेल.

या चार ओळींत वेळ आणि अंतर कुठेच नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते. समजा टेबलाखालचा यूपीएस पेटला आणि शेजारच्या कागदांच्या खोक्याला आच लागली. एकाने एमसीबी खाली पाडायचा आणि १०१ ला फोन करायचा. दुसऱ्याने सिलिंडर घेऊन दार आपल्या पाठीशी राहील असं उभं राहायचं. आपण आणि दार यांच्या मधे आग येऊ द्यायची नाही. साधारण २ ते ३ मीटरवरून सुरुवात करायची. फार जवळून मारलं तर पावडरीच्या झोताने जळता कागदच उडून पसरतो. आधी यूपीएसचं बूड, मग खोकं, ज्वाळा बसू लागल्या की एक-एक पाऊल पुढे. तुमच्या फोटोतला ६ किलोचा सिलिंडर सलग दाबला तर साधारण पाव मिनिटात संपतो. तेवढ्यात आग बसली नाही तर दुसरा सिलिंडर शोधत न बसता बाहेर पडून दार ओढून घ्यायचं. खोली पांढऱ्या पावडरीने भरते, समोरचं दिसत नाही. दार पाठीशी हवं ते याचसाठी.

आग विझली तरी तो सिलिंडर परत खुंटीला अडकवू नका. थोडासाच वापरला असला तरी व्हॉल्व्हच्या बैठकीत पावडर अडकते आणि दाब हळूहळू निघून जातो. काही दिवसांनी गेजचा काटा हिरव्या पट्ट्याखाली सापडतो. लेबलवर ‘रिफिल’ आणि ‘एचपीटी’ अशा दोन तारखा असतात. पहिली पावडर भरल्याची, दुसरी टाकीला पाण्याच्या दाबाने तपासल्याची. तुमच्या फोटोत दुसऱ्या तारखेवर नेमका प्रकाश चमकलाय, ती जागेवर जाऊन वाचा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तुमच्या इमारतीच्या सोसायटीकडे किंवा मालकाकडे ते मागून पाहा.