'साक्ष' : पाहिलेली आणि मागाहून उमगलेली

प्रश्न : पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराच्या हकिगतीला 'साक्ष' का म्हणतात? साक्ष तर कोर्टात देतात ना? आणि साक्ष म्हटल्यावर त्यातलं सगळं जसं घडलं तसंच लिहिलंय, असं धरायचं का?

कोर्टाशी नातं खरंच आहे. 'साक्षिन्' हा शब्द पाणिनीने 'साक्षात्'पासून साधला आहे; अर्थ, प्रत्यक्ष पाहणारा. मराठी बायबलमध्ये तो ज्या ग्रीक शब्दासाठी येतो, तोही मुळात न्यायनिवाड्यातलाच. ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करणाऱ्या पौलाचं मन दिमिष्काच्या वाटेवर कसं फिरलं, हे बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तीनदा येतं. नवव्या अध्यायात निवेदक सांगतो. पण बाविसाव्यात आणि सव्विसाव्यात पौल स्वतः बोलतो, तो आरोपी म्हणून, आपल्या बचावासाठी. म्हणून ख्रिस्ती मराठीत 'साक्ष देणे' म्हणजे 'देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांपुढे सांगणे'.

या तीन कथनांतच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा धागा सापडतो. नवव्या अध्यायात पौलाची दृष्टी जाते आणि हनन्या नावाचा शिष्य येऊन ती परत मिळवून देतो. सव्विसाव्यात, अग्रिप्पा राजापुढे बोलताना, हनन्याही नाही आणि आंधळेपणही नाही. पौलाला कामगिरी थेट ख्रिस्ताकडून मिळते. घटना एकच, पण ऐकणारा बदलला तशी मांडणी बदलली.

आता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. साक्ष 1907 ची, म्हणजे 24 वर्षांनंतरची. तिच्या इंग्रजी शीर्षकातही 'साक्ष' हाच शब्द आहे. वाचताना या दोन तारखा कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. साक्षीत त्या सांगतात की लंडनच्या फुलम भागात ख्रिस्ती जोगिणींनी 'पतित' स्त्रियांसाठी चालवलेलं काम पाहून आणि योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय, म्हणजे शोमरोनी स्त्रीचा प्रसंग, वाचून ख्रिस्त हाच खरा दैवी तारणारा असल्याचं त्यांना पटलं. हे बाप्तिस्म्याच्या आधीचं.

पण त्या काळातली त्यांची पत्रं उपलब्ध आहेत. 1977 मध्ये ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. 1885 च्या पत्रांत रमाबाई वाँटेजच्या मठातल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांच्याशी नेमक्या याच मुद्द्यांवर वाद घालताना दिसतात : त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कशावरून, ख्रिस्ताचं देवत्व कशावरून. पुरोहित किंवा बिशप म्हणेल तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधील नाही, असं त्या बजावतात. 1907 च्या मजकुरात हा करारीपणा फार उरत नाही. त्या काळाबद्दल त्या म्हणतात की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. 1885 मध्ये जो स्वतंत्र बुद्धीचा हक्क होता, तो 1907 मध्ये एक उणीव झाला.

हा बदल कुठून आला, तेही साक्षीतच आहे, आणि मला त्यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन वाचलं. चर्च सांभाळणाऱ्या, उपदेश करणाऱ्या माणसाला पुन्हा मनपालटाची गरज पडली, याचं त्यांना नवल वाटलं. मग तोच साचा स्वतःच्या आयुष्याला लावून पाहिल्यावर 1883 हे शिखर न राहता वाटेतली पायरी झालं. कथेचा मध्य आठेक वर्षं पुढे, 1891 च्या आसपास सरकला.

याला खोटं म्हणण्याची घाई चुकीची आहे. साक्षीत दोन 'मी' असतात, घडताना जगणारा आणि आता सांगणारा. दुसऱ्याकडे पहिल्याकडे नसलेले शब्द असतात. 'तेव्हा मला कळलं नव्हतं की' अशी वाक्यरचना दिसली की तिथे दुसरा 'मी' बोलतोय असं समजावं. असंच धर्मांतर केलेले मराठी लेखक बाबा पदमनजी यांच्या आत्मचरित्राचं नाव 'अरुणोदय' आहे. पहाट झाली म्हणायला आधी रात्र असावी लागते. म्हणजे शीर्षकानेच बाप्तिस्म्याआधीच्या सगळ्या आयुष्याचा रंग ठरवून टाकला.

उलट चूकही होते : पत्रं घटनेच्या जवळची, म्हणून तीच खरी, असं धरणं. जेराल्डीनबाईंना लिहिताना रमाबाई वादात होत्या, आणि वादात माणूस शंका ठासून मांडतो, श्रद्धा गृहीत धरतो. फुलमला त्यांना काही जाणवलंच नव्हतं, असं त्या पत्रांवरून सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येतं की 'दैवी तारणारा' हे शब्द 1907 मध्ये ज्या ठामपणे येतात, तो ठामपणा 1885 च्या पत्रांत सापडत नाही.