हंगाम संपला तरी पान पुसू नकोस

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. घरच्या बागेतला हापूस पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट विकायचा, हाताशी चाळीस हजार रुपये आहेत, आणि ते गूगलच्या जाहिरातींवर घालावेत की संकेतस्थळ शोधात वर आणून देणाऱ्या एजन्सीला द्यावेत, हे तू विचारतोस. मला तुझी काळजी वाटली ती वेगळ्याच वाक्याने. 'संकेतस्थळावरचे गेल्या वर्षीचे पान काढून टाकले आहे, यंदा नवे करतो,' असे तू सहज लिहून गेलास.

ते पान काढायला नको होते. हीच चूक मी सलग चार वर्षे केली. दर मार्चला नवे पान, पत्त्यात नवे साल आणि जूनमध्ये सगळे रद्द. गूगलला एखादे पान सापडायला, त्याची नोंद व्हायला आणि इतरांच्या तुलनेत त्याची जागा ठरायला बहुधा काही महिने जातात. माझे पान जरा वर सरकू लागे तोवर मे संपलेला असे. एका ग्राहकाने आपल्या ब्लॉगवर माझ्या पेटीविषयी आपुलकीने लिहून दुवा दिला होता. तो दुवाही रद्द झालेल्या पानावर जाऊन वाया गेला.

म्हणून पत्ता एकच ठेव, `/ratnagiri-hapus/` असा, सालाशिवाय. जुना पत्ता कायमच्या पुनर्निर्देशनाने, म्हणजे ३०१ ने, या पत्त्याकडे वळव. जूनमध्ये त्यावर 'हंगाम संपला, पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवा' एवढे लिही, पण पान पुसू नकोस. मजकूर डिसेंबरपर्यंत पूर्ण कर. पेटीत किती डझन, एक फळ साधारण किती वजनाचे, आंबा तयार येईल की अढीत ठेवावा लागेल, पुण्याला किती दिवसांत पोहोचेल, खराब निघाल्यास काय, हे सगळे फोनवर तुला रोज विचारले जाते, तेच तिथे लिही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुझी त्याखाली नोंदणी असेल तर तेही सांग. नुसत्या 'हापूस ऑनलाइन' या शब्दांवर मोठ्या विक्रेत्यांपुढे तुझा निभाव लागणार नाही, पण 'रत्नागिरी हापूस पाच डझन पेटी पुणे घरपोच' असे नेमके शोधणारा माणूस तुझ्यापर्यंत येऊ शकतो, आणि विकत घेणारा बहुधा तोच असतो.

मग जाहिरात नकोच का? तसे मी अनेक वर्षे म्हणत राहिलो. त्या काळात बागेवर कर्ज होते आणि उधारीच्या पैशांनी क्लिक विकत घ्यायचे नाहीत हा माझा निश्चय मला आजही चुकीचा वाटत नाही; मात्र त्यापायी पहिल्या हंगामांतली गिऱ्हाइके गेली, हेही खरे आहे. पान जागा धरेपर्यंत एप्रिल-मेमधले सहा-सात आठवडे जाहिरातच भरून काढू शकते. फक्त हिशेब कर. समज, एका क्लिकला बारा रुपये पडतात आणि शंभर क्लिकमागे दोन पेट्या विकल्या जातात. एका पेटीमागे जाहिरातीचे सहाशे रुपये झाले. पेटीत तुला पाचशे सुटत असतील तर प्रत्येक विक्रीत शंभराचा तोटा आहे.

इथे घाबरून जाहिरात बंद करू नकोस. कोणते शब्द टाइप करून लोक आले, त्याचा 'सर्च टर्म्स' अहवाल दर दोन दिवसांनी उघड. त्यात हापूसची कलमे, आमरसाची कृती, घाऊक बाजारभाव शोधणारे दिसतील. शंभरांतले चाळीस क्लिक तसे असतील, तर ते शब्द वर्ज्य शब्दांच्या यादीत टाक. साठ क्लिकचे सातशेवीस रुपये होतात आणि त्याच दोन पेट्यांवर खर्च पेटीमागे तीनशेसाठवर येतो. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये 'त्या भागात असलेले' लोकच निवड, कारण मुळात तिथे त्या भागात नुसता रस असणारेही धरलेले असतात. आणि फोनवर, व्हॉट्सॲपवर आलेली मागणी अहवालात आपोआप दिसत नाही, तेव्हा 'आमचा पत्ता कुठे मिळाला?' हे प्रत्येकाला विचारून वहीत लिही. मी विचारले नाही, म्हणून कोणत्या पैशाने काय आणले ते मला कधीच कळले नाही.

जाहिरातीचे पैसे भरल्याने पान शोधात वर चढत नाही, कोणी तसे सांगितले तर त्याला परत पाठव. पण ज्या शब्दांनी पेट्या विकल्या गेल्या ते शब्द आता तुला विकत मिळाले आहेत. ते त्याच पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात आण. त्याच पानाच्या, नव्या नव्हे! कोणत्या शोधातून तुझ्या पानावर किती क्लिक आले हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांची माहिती राहते, म्हणजे या एप्रिलची गेल्या एप्रिलशी तुलना करता येते, पण पत्ता तोच असेल तरच ती सरळ होते. एखाद्या शब्दावर जाहिरातीविना क्लिक येऊ लागले की त्या शब्दावरची जाहिरात आठवडाभर थांबवून मागणी घटते का ते पाहा.

एजन्सीला यंदा काही देऊ नकोस. पंचवीस हजार एप्रिल-मेसाठी बाजूला ठेव, आणि काढून टाकलेल्या पानाची प्रत कुठे शिल्लक असेल तर ती मला या आठवड्यात पाठव. मजकूर आपण दोघे मिळून बसवू.

तुझा,
काका