लॅसो: स्टेप बदलली की शून्यं बदलतात, कारण थ्रेशोल्ड

प्रश्न: "नमस्कार. ग्वाल्हेरहून लिहितेय. मोहरीच्या एनआयआर स्पेक्ट्रमवरून तेलाचं प्रमाण काढायला लॅसोचा प्रॉक्सिमल ग्रेडियंट स्वतः लिहिला आहे. कॉलम 701, सगळे स्टँडर्डाइझ केलेले. `lam` = 0.0005 ठेवून `eta` = 0.003 दिलं की थोडे गुणांक उरतात, 0.001 दिलं की सगळे शून्य. 0.01 ला `nan`. इटरेशन्स कितीही वाढवल्या तरी हेच. स्टेपवर उत्तर अवलंबून असतं का? की `lam` नीट ट्यून करायला हवा?"

उत्तर:

ताई, ट्यून करू नका. निदान आज तरी नको. इंदूरला आमच्या सोयाबीनच्या लॅबमध्ये नेमक्या याच सल्ल्यापायी अख्खा हंगाम वाया गेला, म्हणून जरा लांबण लावतो.

स्टेप लहान केली तर पोचायला वेळ लागेल, पण पोचायचं ठिकाण तेच राहायला हवं. तुमच्याकडे ठिकाणच बदलतंय, म्हणजे कोड वेगळाच प्रश्न सोडवतोय. तुम्ही कोड टाकलेला नाही, पण पैज लावतो: सॉफ्ट थ्रेशोल्डिंगला तुम्ही `lam` देताय. तिथे `eta * lam` हवं.

ग्रेडियंटची पायरी घेतल्यावर जो बिंदू मिळतो त्याला v म्हणू. त्यानंतरची पायरी (w − v)²/(2η) + λ|w| हे कमीत कमी करते. याला η ने गुणा, की ½(w − v)² + ηλ|w| उरतं. म्हणून कात्री ηλ एवढीच चालवायची: v चं मूल्य त्याच्या आत असेल तर ठार शून्य, बाहेर असेल तर तेवढं शून्याकडे सरकवायचं. ग्रेडियंट η ने लहान झाला, तर दंडही त्याच η ने लहान व्हायला हवा. दर फेरीला ग्रेडियंट चिमूटभर आणि दंड मात्र पूर्ण λ, असं झालं की प्रत्यक्षात तुम्ही λ/η या दंडाचा लॅसो सोडवत असता. अदमासे नव्हे, तंतोतंत तोच.

हातानं करून बघा. दोन कॉलम, स्टँडर्डाइझ केलेले, एकमेकांशी सहसंबंध नाही. साध्या लीस्ट स्क्वेअर्सचे गुणांक 3 आणि 0.8. λ = 1. लॅसोचं खरं उत्तर 2 आणि 0. आता η = 0.5 घेऊन शून्यापासून निघा. पहिला गुणांक ग्रेडियंटनंतर 1.5 होतो, त्यातून ηλ म्हणजे 0.5 गेले, उरला 1. पुढच्या फेरीला 2 होऊन 1.5 उरतो, मग 1.75, आणि असाच 2 कडे जातो. दुसरा ग्रेडियंटनंतर 0.4 होतो, तो 0.5 च्या आत, म्हणून शून्य. शेवटपर्यंत शून्यच.

हेच η न गुणता, 1 ची कात्री लावून करा. पहिला गुणांक 0.5, मग 0.75, मग 0.875, आणि जाऊन थांबतो 1 वर. अगदी शांतपणे कन्व्हर्ज होतो, कुठेही आरडाओरड नाही. 3 मधून λ/η म्हणजे 2 वजा झाले, बस. η = 0.25 केलं तर पहिल्या फेरीला 0.75 येतो, तो 1 च्या आत, खल्लास. दोन्ही शून्य. हे तुम्हाला दिसतंय त्याच्याशी ताडून बघा.

तुमच्या आकड्यांत बोलायचं तर 0.003 ला प्रत्यक्ष दंड सुमारे 0.17 पडला आणि 0.001 ला 0.5. स्टँडर्डाइझ केलेल्या कॉलमांवर, मध्यबिंदू काढून टाकलेल्या y साठी, ज्या λ च्या वर सगळंच शून्य होतं तो म्हणजे |Xᵀy|/n मधला सगळ्यात मोठा आकडा, आणि तो y च्या प्रमाण विचलनापेक्षा मोठा असूच शकत नाही. तुमच्या तेलाच्या आकड्यांत फार चढउतार नसेल तर 0.5 ला सगळं पुसलं जाणं अगदी साहजिक आहे.

`nan` चं कारण वेगळं. स्टेप 2/L च्या आत हवी, L म्हणजे XᵀX/n ची सर्वात मोठी आयगेनव्हॅल्यू. 0.01 ला फुटतंय म्हणजे L 200 च्या वर आहे. 701 स्टँडर्डाइझ कॉलमांच्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीज 701 असते, आणि स्पेक्ट्रममध्ये शेजारची तरंगलांबी म्हणजे जवळजवळ तोच कॉलम पुन्हा, त्यामुळे बेरजेतला मोठा वाटा पहिलीच गिळते. अशा डेटावर η फार लहान असतो, म्हणूनच ही चूक इथे शेकडो पटीत भोवते.

आता आमची कथा. मशीनसोबत एका कंपनीचं सॉफ्टवेअर आलं होतं. नाव घेत नाही. त्यात स्टेप आपोआप 1/L घेतली जायची, आपल्या हातात फक्त λ. पहिल्या वर्षी क्रॉस व्हॅलिडेशनने λ निवडला, निकाल छान आले. आणि ते छान येणारच! η ठरलेला असताना λ/η चा लॅसो हाही लॅसोच. क्रॉस व्हॅलिडेशन बिचारं λ इतका खाली नेतं की λ/η बरोबर जागी येतो. चूक तिथे गुपचूप भरून निघते, म्हणूनच "ट्यून करा" हा सल्ला मला विषासारखा वाटतो.

मग मशीन बदललं. आधी 1100 ते 2500 नॅनोमीटर, दर 2 ला एक वाचन, म्हणजे 701 कॉलम. नवं दर 1 ला वाचायचं, 1401 कॉलम. सॉफ्टवेअर तेच, λ जुनाच चालेल असं लेखी कळवलेलं. मॉडेल नव्यानं बसवलं आणि प्रिंट काढला, तर प्रत्येक लॉटपुढे तेल 18.9. देवासचा माल, उज्जैनचा माल, ओला, वाळका, सगळा 18.9. तो आकडा म्हणजे निव्वळ सरासरी, गुणांक सगळे शून्य. कॉलम दुप्पट, म्हणून L जवळपास दुप्पट, म्हणून η निम्मा, म्हणून दंड दुप्पट.

त्यांच्या हेल्पडेस्कची उत्तरं अजून जपून ठेवलीयत. "सॅम्पल्स वाढवा." "λ कमी करा." "अल्गोरिदम तपासलेला आहे, टेस्ट रिपोर्ट जोडला आहे." मधे एकदा तर प्रोबची काच पुसायला सांगितलं, तीही पुसली. कोड बघायला मागितला तर तिकीट बंद. तो टेस्ट रिपोर्ट मात्र कामाचा निघाला. टेस्टचा डेटा बनवलेला, कॉलम एकमेकांशी पूर्ण असंबद्ध, म्हणून L = 1 आणि स्टेप 1. स्टेप 1 असताना λ आणि ηλ एकच! म्हणजे ही चूक जिथे दिसूच शकत नाही नेमकी तीच एक जागा निवडून तिथे पास झालेला अल्गोरिदम. यावर मी फार बोलत नाही, बीपी वाढतो.

बंद डब्यातलं सॉफ्टवेअर असेल तर पकडायची युक्ती अशी: फाइलमधला प्रत्येक कॉलम दोनदा टाका, λ तोच ठेवा. खऱ्या लॅसोत जुळ्या कॉलमांमध्ये गुणांक वाटला जातो, पण निरपेक्ष मूल्यांची बेरीज तीच राहते आणि अंदाज हलत नाही. चुकलेल्यात L बरोबर दुप्पट होतो, दंडही दुप्पट, अंदाज सरासरीकडे घसरतो. आम्ही हे दोन प्रिंट शेजारी ठेवले तेव्हा कुठे वरच्या साहेबांनी फोन लावला. तुमच्या कोडला ही युक्ती लागू नाही, कारण तुमचा η हातानं दिलेला आहे. तिथे हे करा:

```python
def soft(v, t):
    return np.sign(v) * np.maximum(np.abs(v) - t, 0.0)

L = np.linalg.norm(X, 2)**2 / n
eta = 1.0 / L
w = np.zeros(p)
for k in range(20000):
    g = X.T @ (X @ w - y) / n
    w = soft(w - eta * g, eta * lam)
```

X चे कॉलम आणि y दोन्हींची सरासरी आधी वजा केलेली धरली आहे. इंटरसेप्टला थ्रेशोल्ड लावायचा नसतो, एवढं तुम्हाला माहीत असेलच.

आणि उत्तर आल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी:

```python
c = np.abs(X.T @ (y - X @ w)) / n
print(lam, c[w == 0].max())
print(c[w != 0].min(), c[w != 0].max())
```

शून्य झालेल्या कॉलमांचा उरलेल्या त्रुटीशी संबंध λ च्या आत हवा, आणि उरलेल्यांचा बरोबर λ एवढा. दुसऱ्या ओळीतले दोन आकडे एकमेकांशी जुळले पण λ शी जुळले नाहीत, तर जो आकडा छापला तोच तुमच्या कोडचा प्रत्यक्ष दंड. जुन्या कोडवर 0.003 ने हे चालवलंत तर तिथे 0.17 च्या आसपास दिसावं. दोन आकडे आपसातच जुळत नसतील तर कन्व्हर्जन्स व्हायचंय. (सगळेच गुणांक शून्य असतील तर दुसरी ओळ एरर देईल, घाबरू नका.)

`sklearn` शी ताडून बघणार असाल तर त्याच्या `Lasso` मध्ये वर्गांच्या बेरजेला 1/(2n) आहे, त्यामुळे वरच्या कोडचा `lam` म्हणजे त्याचा `alpha`. ग्रेडियंट आणि `L` या दोन्हींतला `/ n` काढून टाकलात तर `lam` ला n ने गुणावं लागेल. तिथे कोऑर्डिनेट डिसेंट चालतो, पण उत्तर एकाच ठिकाणी यायला हवं.

दुरुस्तीनंतर एक गोष्ट खटकेल: फार हळू चालेल. इतक्या जुळ्या कॉलमांवर साधा प्रॉक्सिमल ग्रेडियंट रडतोच. बेक आणि तेबुल यांची 2009 ची फिस्टा लावा. त्यात आधीच्या दोन बिंदूंवरून पुढे झेप घेतलेला एक वेगळा बिंदू असतो. शून्यं मोजताना तो बिंदू घेऊ नका, थ्रेशोल्डमधून बाहेर पडलेला `w` घ्या. आणि `abs(w) < 1e-6` असली चाळणी लावू नका. शून्यं इथे अचूक येतात, ती चाळणी लागतेय असं वाटलं तर आणखी काहीतरी बिघडलंय.

आता माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या, मी काही स्टॅटिस्टिक्सवाला नाही, लॅबवाला आहे: जे कॉलम उरतील त्यांवरून "तेल या तरंगलांबीला दिसतं" असं प्रबंधात लिहू नका. दोन शेजाऱ्यांतला कोण उरेल हे सॅम्पल्स थोडे बदलले तरी फिरतं. अंदाजासाठी लॅसो वापरा, रसायनशास्त्रासाठी नको. गाइडचं मत वेगळं असेल तर गाइडचं ऐका, सही त्यांची लागते.

जुन्या कोडवर त्या तीन ओळी आणि `L` चालवून जे छापलं जाईल ते इथे टाका. L 667 च्या फार वर नसावा, नाहीतर 0.003 ही टिकलं नसतं. पण तो मोठा निघाला तर स्टँडर्डाइझ करतानाचाच कोड आधी बघू.