आठवणीच्या मेलमधला एक तास

«३१ ऑक्टोबर २०२६, शनिवारी संध्याकाळी ७:३० ला पुण्याहून ऑनलाइन चर्चासत्र आहे. लंडन, न्यू जर्सी आणि मेलबर्नचे लोक आहेत. आठवणीच्या मेलमध्ये वेळा कशा लिहू? आणि ऐनवेळी लिंक चालली नाही तर?»

तारीख वाचली आणि पोटात गोळा आला. मी याच खड्ड्यात पडलो आहे, फक्त माझा मार्चमधला होता.

१५ मार्च २०२५, शनिवार, संध्याकाळचे साडेसात. वक्त्या न्यू जर्सीत. फेब्रुवारीत ठरवताना दोन्हीकडच्या वेळेत साडेदहा तासांचा फरक होता, म्हणून मेलमध्ये बिनधास्त ‘सकाळी ९:०० EST’ लिहिलं. पण ९ मार्चला अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली आणि फरक साडेनऊ तासांवर आला. बाई बिचाऱ्या त्यांच्या घड्याळाप्रमाणे बरोबर नऊला आल्या, तेव्हा पुण्यात साडेसहाच वाजले होते. मीटिंग मी उघडलीही नव्हती. अर्धा तास थांबून त्या मुलीला क्लासला सोडायला निघून गेल्या. साडेसातला इकडे चाळीस माणसं स्क्रीनसमोर बसली होती आणि वक्त्या गाडी चालवत होत्या. चूक पूर्ण माझी.

तुमच्या तारखेला गंमत उलटी आहे. ब्रिटनमधली घड्याळं २५ ऑक्टोबरला मागे येतात, अमेरिकेतली थेट १ नोव्हेंबरला, म्हणजे तुमच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे त्या एका आठवड्यात नेहमीचा हिशेब चालत नाही. पुण्यात ७:३० असतील तेव्हा लंडनमध्ये दुपारचे २ (उन्हाळ्यात ३ असतात), न्यू जर्सीत सकाळचे १०, आणि मेलबर्नमध्ये रात्रीचा १, तोही रविवार, १ नोव्हेंबरचा. मेलबर्नकरांना वाराशिवाय वेळ कळवू नका. आणि खरं सांगायचं तर त्यांना रेकॉर्डिंगच पाठवा. रात्री एकला चर्चासत्र ऐकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

फोनमधल्या जागतिक घड्याळावर विसंबू नका, ते आजचा फरक दाखवतं. तुम्हाला हवा आहे कार्यक्रमाच्या दिवशीचा. timeanddate.com वर तारीख आणि शहरं घालून पाहा. मेलमध्येही EST, IST असली आद्याक्षरं न लिहिता शहराचं नाव लिहा. आयर्लंड आणि इस्रायलमध्येही IST म्हणतात आणि तिघांच्या वेळा वेगळ्या. माझ्या मते मेलचा वरचा भाग एवढाच हवा:

```
शनिवार, ३१ ऑक्टोबर २०२६
पुणे        सायं. ७:३०
लंडन       दुपारी २:००
न्यू जर्सी    सकाळी १०:००
मेलबर्न     रविवार, १ नोव्हें., पहाटे १:००
लिंक:
मीटिंग आयडी:      पासकोड:
पुण्याच्या ७:४० पर्यंत आत येता आलं नाही तर इथे पाहा:
```

आयडी आणि पासकोड वेगळे का? झूमच्या लिंकमध्ये पासकोड `pwd=` नंतर दडलेला असतो. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना कोणीतरी लिंक अर्धवट कॉपी करतं, मग पासकोड मागितला जातो आणि तुमचा फोन वाजत बसतो. (लिंक पोस्टरच्या चित्रात टाकू नका. चित्रातल्या लिंकवर बोट दाबून काही होत नाही, हे सांगून माझा घसा बसला.)

शेवटच्या ओळीतली जागा एखादं साधं शेअर केलेलं डॉक्युमेंट असू द्या, सर्वांना वाचता येईल पण बदलता येणार नाही असं. लिंक बदलली की तिथे नवी टाकायची, म्हणजे ऐनवेळी तीनशे लोकांना मेल पाठवायची वेळ येत नाही. मात्र ते डॉक्युमेंट मीटिंगच्या अकाउंटपासून वेगळ्या अकाउंटवर ठेवा. आमचं झूम एका संस्थेच्या नावावर होतं आणि लॉगिनचा ओटीपी जायचा तिथल्या कार्यालयातल्या एका मोबाइलवर. शनिवारी तो मोबाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली घरी. सोमवारी विचारलं तर ‘अर्ज द्या’! पुण्यात आहोत म्हणून फार बोलत नाही. तेव्हापासून ओटीपी माझ्या स्वतःच्या फोनवर येईल अशाच अकाउंटवरून मीटिंग लावतो.

पर्याय म्हणून यूट्यूब लाइव्ह ठेवणार असाल तर चॅनेलवर लाइव्ह आत्ताच सुरू करून घ्या. पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. गूगल मीट असेल तर ती लिंक आधीच बनवून फक्त तुमच्याकडे ठेवा. दोन्ही लिंका मेलमध्ये दिल्या की निम्मे लोक रिकाम्या खोलीत जाऊन बसतात.

मेल आदल्या दिवशी एकदा आणि तासभर आधी एकदा, दोन्ही वेळा हीच लिंक. सह-होस्ट मात्र आजच नेमा, आणि त्याचं इंटरनेट तुमच्याच सोसायटीच्या केबलवाल्याकडून नसेल तर उत्तम.