कुंद्याच्या जाहिरातीत शेजारची मुलगी

प्रश्न: बेळगावात आमचं कुंद्याचं दुकान आहे. शेजारची नऊ वर्षांची मुलगी रीलमध्ये घ्यायची आहे. तिची आई 'हो' म्हणाली, एवढं पुरे का?

नाही. जाहिरातीत चौदाच्या आतलं मूल घ्यायचं तर बालकामगार नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि 'नमुना सी'मधलं हमीपत्र लागतं. काम दिवसाला पाच तासांपर्यंत, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मानधनाच्या किमान २० टक्के रकमेची राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेव करायची. उगाच रील म्हणून हे टाळू नका.

संमती लेखी घ्या, आणि मराठीतच. कन्नड कागदावर आईने न वाचता सही केली तर ती कसली संमती? व्हिडिओ कुठे, किती महिने चालणार आणि नको म्हटलं तर कधी उतरवणार, हे त्यात असू द्या.

"आई, हाच कुंदा घे ना!" हे वाक्य मात्र काढा. मुलांना थेट खरेदीला किंवा आईबापांकडे हट्ट धरायला उद्युक्त करणं २०२२च्या जाहिरात मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. ती नुसती कुंदा खाताना दाखवा, बोटाला चिकटलेला चाटताना. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला आणि घराची पाटी तेवढी चौकटीबाहेर ठेवा.