चुकलेल्या भाकिताचं पान

‘मॅडम, मी वर्षभरापासून टॅरो कार्ड काढून माझ्या नात्याबद्दलचं भाकीत वहीत लिहून ठेवते. मागे पाहिलं तर निम्म्याहून जास्त खरं ठरलेलं दिसतं. पण ज्याची मनापासून वाट पाहत होते, नेमकं तेच झालं नाही. माझं कार्ड वाचणं चुकतं, की माझं नशीबच तसं?’

नागपुरातल्याच एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्रिमूर्तीनगरला राहणारी, शिकवणी वर्गात गणित शिकवणारी. तीन वर्षांचं नातं होतं. मुलाला पुण्यात नोकरी लागली, फोन कमी होत गेले, आणि ‘आपण थांबूया’ असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. ही अर्धवट अवस्था फार जाळते. पाडव्याच्या सुमारास तिने मैत्रिणीकडून कार्डांचा जोड घेतला आणि तेव्हापासून दर आठवड्याला तीन कार्ड मांडायला लागली. दिवाळीनंतर माझ्याकडे आली तेव्हा वहीत एकतीस नोंदी होत्या आणि बावीसांपुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण होती. ‘बावीस खरे निघाले ना मॅडम, मग हेच काहून चुकून राहिलं?’ हे म्हणजे तो परत येईल, हे भाकीत.

मी तिला कार्ड टाकून दे म्हटलं नाही. कार्डांना पुढचं कळतं असं मी मानत नाही आणि हे तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. पण जी मुलगी इतक्या निष्ठेने तारीख घालून लिहिते, तिच्या हातात एक चांगलं साधन आहे. ते नीट चालवायला हवं, एवढंच. म्हणून आम्ही दोघींनी ती वही पहिल्या पानापासून पुन्हा तपासली. हिरव्या खुणांकडे बघायचं नाही, फक्त लिहिलेलं वाक्य वाचायचं, आणि हे खोटं ठरायला काय घडावं लागलं असतं, एवढंच विचारायचं.

बारा नोंदी त्याच्या मनाबद्दल होत्या. ‘तो मला विसरला नाही’, ‘आतून अस्वस्थ आहे’. यातल्या नऊंना खूण होती. पण त्याच्या मनात काय चाललंय हे तपासणार कोण? तिला तसं वाटलं, म्हणून खूण. अकरा नोंदींना मुदतच नव्हती. ‘लवकरच बदल होईल’, ‘जुनी गोष्ट पुन्हा समोर येईल’. त्यातल्या दहांना खूण, आणि अशा वाक्याला खूण मिळतेच. पुढच्या सहा महिन्यांत कुणाच्या आयुष्यात काही बदललं नाही, असं होत नाही. उरल्या आठ. त्यांत घटनाही स्पष्ट होती आणि वेळही. त्यातल्या तीन खऱ्या ठरल्या होत्या.

त्या तीनही आम्ही उघडून पाहिल्या. एकीत ‘दसऱ्याला त्याचा मेसेज येईल’ असं होतं आणि मेसेज आलाही होता. मी तिला फोनमधलं संभाषण काढायला सांगितलं. सकाळी सोनं द्या-घ्यायच्या शुभेच्छा आधी तिनेच पाठवल्या होत्या. दुपारी त्याचं ‘तुलाही’ आलं. दुसऱ्या नोंदीचंही तसंच. भाकीत वाचून तिनेच ते घडवून आणलं होतं. ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मग तिसऱ्या नोंदीबद्दल स्वतःहून म्हणाली, ‘आणि मॅडम, ग्रुपवर तर तो दर महिन्याला काही ना काही टाकतोच.’ हे तिचं तिला दिसलं, याचं मला मोल वाटतं. जे कार्ड न काढताही घडणारच होतं, ते घडल्याने कार्डाबद्दल काहीच कळत नाही.

हे तिचंच होत होतं असं नाही. 1975 मध्ये बारुख फिशहॉफ आणि रूथ बायथ या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन 1972 मध्ये चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. त्याआधी विद्यार्थ्यांना विचारलं, अमुक घडण्याची शक्यता किती? दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा किती सांगितली होती? ज्या गोष्टी घडल्या असं त्यांना वाटत होतं, त्यांची शक्यता आपण आधीच जास्त सांगितली होती, असं त्यांना आठवलं. आठवण निकालाकडे सरकते. प्रेमाच्या बाबतीत ती किती सरकत असेल, विचार करा. वही याचसाठी हवी, पण वहीतलं वाक्य ढिलं असेल तर आठवणीला तिथेही सरकायला जागा मिळते.

तेव्हापासून तिने पान बदललं. कार्ड हातात घेण्याआधी चार गोष्टी लिहायच्या: प्रश्न, मुदतीची तारीख, कार्ड न बघता मला काय वाटतं, आणि मला काय हवं आहे. मग कार्ड मांडायची, फोटो काढायचा, एका वाक्यात वाचन लिहायचं. शेवटी ‘हे चुकलं असं कधी म्हणायचं’ हेही लिहायचं आणि पान मिटायचं. मुदतीच्या दिवशी तीनच उत्तरं: हो, नाही, तपासता येत नाही. ‘अर्धं खरं’ ही सोय ठेवली नाही. घटना घडली तर सुरुवात कुणी केली हेही लिहायचं. आणि एकच प्रश्न महिन्याच्या आत पुन्हा विचारायचा नाही, कारण रोज विचारलं तर कधीतरी हवं ते उत्तर येतंच.

त्यातलं एक पान मला अजून आठवतं. प्रश्न होता, 15 डिसेंबरपर्यंत तो स्वतःहून भेटायचं म्हणेल का? आधीचा अंदाज: नाही. काय हवं: हो. कार्डं आली फोर ऑफ कप्स, एट ऑफ स्वोर्ड्स, आणि तिसऱ्या जागी नाइट ऑफ कप्स. त्याखाली ‘आणखी एक काढलं’ असं लिहून द सन, हे शुभ मानलं जाणारं सूर्याचं कार्ड. वाचन: हो, तो पुढाकार घेईल.

आम्ही फोटो मोठा करून बघत बसलो. प्रचलित जोडात, म्हणजे पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढलेल्या 1909 च्या जोडात, फोर ऑफ कप्सवर झाडाखाली हात बांधून बसलेला तरुण आहे. ढगातून एक हात त्याच्यापुढे पेला धरतो आणि तो बघतही नाही. एट ऑफ स्वोर्ड्सवर डोळ्यांवर पट्टी असलेली, बांधलेली बाई तलवारींमध्ये उभी आहे. नाइट ऑफ कप्स हातात पेला घेऊन सावकाश घोडा चालवतो. मी विचारलं, ‘हा पेला कुणाकडे नेतोय?’ ती म्हणाली, ‘माझ्याकडे.’ ‘चित्रात दिसतंय का ते?’ नव्हतं दिसत. पहिली दोन कार्डं तिने वाचनात घेतलीच नव्हती. त्यांत बेफिकीर बसलेला कुणी आणि अडकून पडलेली कुणी होती. तिने तिसरं उचललं, आणि त्यानेही पुरेसं समाधान झालं नाही म्हणून चौथं काढलं.

15 डिसेंबरला काहीच घडलं नाही. तिने ‘नाही’ लिहिलं.

मार्चपर्यंत तपासता येतील अशा सोळा नोंदी जमल्या. सहा वाचनं बरोबर, दहा चुकलेली. पण मला त्याहून महत्त्वाच्या वाटल्या त्या नऊ नोंदी, जिथे आधीचा अंदाज एक म्हणत होता आणि वाचन दुसरं. त्या नऊंपैकी सात वेळा कार्ड न बघता केलेला अंदाज खरा निघाला. तिला माहीत होतं. कार्ड मांडल्यावर तिला माहीत असलेलं ती बाजूला ठेवत होती. चुकलेल्या दहांपैकी आठ वाचनं ‘काय हवं’ या ओळीशी तंतोतंत जुळत होती, आणि सातांमध्ये जादाचं कार्ड काढलेलं होतं. तिची चूक एका जागी सापडली: न आवडलेल्या कार्डापाशी ती थांबत नव्हती.

यावरून कार्डांची परीक्षा झाली असं मी म्हणणार नाही. सोळा नोंदींत तेवढा दम नसतो. ती परीक्षा घ्यायची तर जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची घेतली तशी घ्यावी लागते. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं होतं. उत्तरं 46 टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून येतील तेवढीच. एकट्या मुलीच्या वहीने एवढं होत नाही. तिच्या वहीने तिचं वाचणं तपासलं, आणि तिला तेच हवं होतं.

जानेवारीपासून तिचे प्रश्नही बदलत गेले. ‘तो विचारेल का’ याऐवजी ‘31 तारखेपर्यंत मी त्याला स्पष्ट विचारीन का’ असं पान आलं. आधीचा अंदाज: नाही. काय हवं: हो. ती मुदत टळली. मग ते कशामुळे टळलं यावर आम्ही दोन बैठका बोललो. फेब्रुवारीत तिने त्याला फोन केला. त्याने सांगितलं की त्याला हे पुढे न्यायचं नाही. त्या आठवड्यात ती खूप रडली, आईजवळ झोपली, शिकवणी मात्र बुडवली नाही.

एक काळजी मी प्रत्येकीला सांगते. वही रात्री पुन्हापुन्हा उघडली जात असेल, त्याचं स्टेटस पाहून लगेच कार्ड काढली जात असतील, झोप-जेवण बिघडलं असेल, तर नोंदी काही काळ थांबवा आणि माणसाशी बोला. जवळ कुणी नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

आता तुमच्या वहीकडे येते. ज्या भाकिताची तुम्ही सर्वात जास्त वाट पाहिली, ते पान काढा. त्या दिवशी किती कार्डं काढली होती आणि त्यातलं कुठलं वाचनात घेतलंच नाही, ते पाहा. फोटो नसेल तर आठवणीवर विसंबू नका, ते पान ‘तपासता येत नाही’ म्हणून सोडा. नशिबाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, त्याचं उत्तर वहीत मिळणार नाही. पुढच्या पानापासून कार्डाला हात लावण्याआधी तुमचा अंदाज आणि तुमची इच्छा दोन वेगळ्या ओळींत लिहा. दहा-बारा मुदती उलटल्या की वही घेऊन या, आपण सोबत बसून बघू.