क्लेम, वयोमर्यादा आणि बाकीचे निर्बंध: स्टुडिओतली यादी कशी गाळायची

प्रश्न: देवगडजवळच्या आमच्या गावाचं यूट्यूब चॅनेल आहे. दशावतार, भजनं, शिमगा, पालखी असे चारशेच्या वर व्हिडिओ झालेत. मधूनमधून कॉपीराइट क्लेमची ईमेल येते, कुठल्यातरी व्हिडिओवर १८+ लागलंय असंही कळलं. एकेक व्हिडिओ उघडून बघणं शक्य नाही. कशावर काय लागलंय ते सगळं एका जागी कुठे दिसेल? आणि दिसल्यावर करायचं काय?

उत्तर:

हे काम मोबाइलवर करत बसू नका. संगणकावर studio.youtube.com उघडा आणि डावीकडे Content वर जा. वर Videos, Shorts, Live असे टॅब असतात आणि त्यांच्या खाली Filter ची पट्टी. तिच्यावर क्लिक केलं की उतरणाऱ्या यादीत Copyright, Age restriction, Made for kids, Visibility, Views वगैरे पर्याय येतात. Copyright निवडलंत की फक्त क्लेम असलेले व्हिडिओ उरतात. खाली एका पानावर किती ओळी दिसाव्यात तो आकडा ५० करून ठेवा, नाहीतर नुसती पानं उलटण्यात वेळ जाईल.

बहुतेक जण अडकतात ते पुढच्या पायरीवर. Copyright लावलं, ते न काढता त्यालाच जोडून Age restriction लावलं, आणि यादी एकदम रिकामी झाली. मग समजूत होते की चॅनेल साफ आहे. दोन फिल्टर एकत्र लावले की दोन्ही अटी पाळणारेच व्हिडिओ दिसतात. क्लेमही आहे आणि वयोमर्यादाही आहे असा व्हिडिओ क्वचितच असतो, म्हणून यादी रिकामी. ‘हे किंवा ते’ असं मागायची सोय तिथे नाही. त्यामुळे एक फिल्टर लावा, यादी बघा, पट्टीत आलेल्या त्याच्या नावावरच्या फुलीने तो काढा आणि मग दुसरा लावा.

दुसरी गोष्ट टॅबची. Videos मध्ये लावलेला फिल्टर Live मधलं काही दाखवत नाही. तुम्ही दशावताराचे प्रयोग रात्री थेट दाखवत असाल तर त्यांची रेकॉर्डिंगं Live टॅबमध्ये असणार, आणि क्लेम बहुधा तिथेच जास्त असणार, कारण चार-पाच तासांच्या प्रयोगात पडदा उघडण्याआधी लाउडस्पीकरवर काय काय वाजतं ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा प्रत्येक टॅबमध्ये वेगळी फेरी मारा.

Shorts ची फेरी तर मुळीच चुकवू नका. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचे उभे किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट्समध्ये धरले जातात. त्यातला एक मिनिटापेक्षा मोठा शॉर्ट असेल आणि त्यावर कंटेंट आयडीचा, म्हणजे जुळणारी गाणी आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम चालू असेल, तर तो सगळीकडे बंद होतो, कुणालाच दिसत नाही. चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा ठपका, येत नाही म्हणून लक्षातही येत नाही. पालखी नाचवतानाचा दीड मिनिटाचा तुकडा, वर एखादं प्रसिद्ध गाणं चढवलेलं, आणि व्ह्यूज शून्यावर अडकलेले: कारण हे असू शकतं.

आता यादी समोर आली की Restrictions नावाचा कॉलम बघा. तिथे Copyright लिहिलेलं असेल त्यावर माउस नुसता नेला तरी थोडक्यात कारण कळतं. See details वर गेलात की पूर्ण माहिती उघडते: कुठलं गाणं जुळलं, कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत, दावा कुणाचा आणि त्याचा परिणाम काय. यातला परिणाम आधी वाचा, कारण सगळे क्लेम सारखे नसतात. काहींत व्हिडिओ चालू राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. काहींत तो काही देशांत किंवा सगळीकडेच अडवलेला असतो. गावच्या चॅनेलला पैसे मिळतच नसतील तर पहिल्या प्रकाराकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं, असं माझं मत आहे. अडवलेले व्हिडिओ मात्र आधी हाताळायचे. त्यासाठी Copyright सोबत Visibility मध्ये Public लावा (इथे दोन अटी एकत्र हव्यातच) आणि Views च्या शीर्षकावर क्लिक करून जास्त पाहिलेले वर आणा. खाजगी ठेवलेल्या जुन्या व्हिडिओंवरचे क्लेम मग मध्ये लुडबुडत नाहीत.

करायचं काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या शेजारच्या वाडीतल्या भजन मंडळाचा गणपतीतला बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ होता. घरात आरती, मग भजन. त्यावर दोन क्लेम होते. पहिला साधारण अकराव्या मिनिटापासून पुढची पावणेतीन मिनिटं: समोरच्या मांडवात एका कंपनीचं रेकॉर्ड केलेलं भक्तिगीत वाजत होतं आणि ते माईकमध्ये स्पष्ट आलं होतं. दुसरा क्लेम आरतीवर, जी मंडळाच्या लोकांनी स्वतः टाळ-मृदुंगावर म्हटली होती.

पहिला क्लेम बरोबर आहे. ‘आम्ही वाजवलं नाही, शेजारी वाजत होतं’ हे कारण चालत नाही. आवाज तुमच्या व्हिडिओत आहे एवढंच बघितलं जातं. इथे See details मधून तीन रस्ते मिळतात: तो तुकडा कापून टाकणं, गाण्याचा आवाज काढणं किंवा त्या जागी लायब्ररीतलं दुसरं गाणं घालणं. गाणं काढताना फक्त गाणं पुसायचं की त्या वेळचा सगळाच आवाज बंद करायचा, असा पर्याय येतो. फक्त गाणं पुसलं तर बोलणं बऱ्यापैकी वाचतं, पण मागे पेटी-मृदुंग चालू असेल तर तेही खरवडल्यासारखं होऊ शकतं, म्हणून नंतर कान देऊन ऐकायचं. मंडळाने तो तुकडा कापणंच पसंत केलं, कारण त्या वेळात लोक प्रसाद घेत होते. एक अट लक्षात असू द्या: व्हिडिओला एक लाखाच्या वर व्ह्यूज असतील आणि चॅनेल जाहिरातीचे पैसे मिळवून देणाऱ्या यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये नसेल, तर एडिटरमधले असे बदल सेव्ह न होण्याची शक्यता असते. सहा तासांपेक्षा लांब रेकॉर्डिंगही तिथे कापता येत नाही, तेव्हा रात्रभराच्या प्रयोगाचं गणित आधीच बघा.

दुसरा क्लेम वेगळा. समर्थ रामदासांच्या नावावर असलेली गणपतीची आरती सतराव्या शतकातली आहे. तिच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं. म्हणजे आरती सगळ्यांची, पण एखाद्या कंपनीने गायकाकडून करून घेतलेलं तिचं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. मंडळाने स्वतःच्या गळ्याने म्हटलेली आरती त्या रेकॉर्डिंगशी चालीमुळे जुळली एवढंच. अशा वेळी Dispute करायचं आणि कारणात सरळ लिहायचं: रचना सार्वजनिक मालकीची, गायन-वादन आमच्या मंडळाचं, त्यात कुठलंही बाहेरचं रेकॉर्डिंग नाही.

त्यात मात्र एक पथ्य आहे. नवी चाल एखाद्या हयात किंवा अलीकडे गेलेल्या संगीतकाराची असेल तर शब्द जुने असूनही चालीवर हक्क असू शकतो. बुवांना विचारा, चाल पारंपरिक की कुठल्या कॅसेटवरून बसवलेली. भजनी मंडळांत कॅसेटवरच्या चाली सर्रास असतात, आणि तिथे Dispute टाकणं धोक्याचं. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. गप्प राहिला तर क्लेम सुटतो. त्याने नाकारलं तर तुम्हाला अपील करता येतं, त्यावर त्याला ७ दिवस मिळतात, आणि तेव्हा त्याने व्हिडिओ काढायची रीतसर मागणी केली तर थेट कॉपीराइट स्ट्राइक बसतो. नुसत्या क्लेमने चॅनेलला काही होत नाही. स्ट्राइक मात्र ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. म्हणून अपील तिथेच, जिथे तुमची बाजू पक्की आहे. स्ट्राइक आहे का ते फिल्टरच्या यादीत शोधू नका, डॅशबोर्डवर त्याचं वेगळं कार्ड दिसतं.

वयोमर्यादेचं प्रकरण छोटं आहे. Age restriction लावल्यावर जे व्हिडिओ येतील त्यांचं Details पान उघडा, खाली Show more करा आणि वयाची खूण बघा. पुष्कळदा अपलोड करणाऱ्या पोरानेच ‘१८ वर्षांवरील’ ही खूण करून ठेवलेली असते. ती बदलली की झालं. असे बरेच असतील तर ओळींच्या डाव्या चौकटींत टिक करून Edit मधून एकदम बदला. खूण तुमची नसेल तर ती यूट्यूबने लावलेली. शिमग्यात पेटती लाकडं एकमेकांवर फेकण्याचा किंवा अंगात आल्यावर निखाऱ्यांवर चालण्याचा व्हिडिओ यात सापडू शकतो. Restrictions कॉलममधून अपील करता येतं, पण एका व्हिडिओसाठी एकदाच, तेव्हा ही प्रथा काय, कुठली, किती जुनी हे शीर्षक-वर्णनात आधी नीट लिहा आणि मगच पाठवा. तोवर लॉगिन न केलेल्याला तो दिसणार नाही, आणि गावच्या वेबसाइटवर लावलेला असेल तर तिथेही चालणार नाही.

Made for kids चीही एक फेरी मारा. शाळेच्या स्नेहसंमेलनावर ती खूण असते, तिच्यामुळे कमेंट बंद होतात आणि मग मुंबईचे चाकरमानी विचारतात, कमेंट का बंद केल्यात?

हे सगळं दर महिन्याला करायचं असेल तर एक सोय आहे. फिल्टर लावला की ब्राउझरच्या पत्त्यात filter= असा भाग तयार होतो. ते पान बुकमार्क करून ठेवा, पुढच्या वेळी गाळलेली यादीच उघडेल. प्रत्येक टॅबसाठी वेगळा बुकमार्क करा.

आणि कापाकापी केल्यावर लगेच पान ताजं करून ‘क्लेम गेला नाही’ म्हणून पुन्हा तोच तुकडा कापायला जाऊ नका. लांब व्हिडिओचं प्रोसेसिंग कित्येक तास चालू शकतं. तोपर्यंत लोकांना जुनीच आवृत्ती दिसते आणि Restrictions मध्ये Copyright तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी बुकमार्क उघडा. बदल लागू झाला असेल तर तो व्हिडिओ यादीत नसेल. अजून असेल तर See details मध्ये जाऊन वेळ तपासा, कारण एकाच व्हिडिओवर दुसरा क्लेम शिल्लक असला की पहिला सुटूनही तो यादीतून हलत नाही.